मांसल कोंबडी केव्हा विकावी?

मांसासाठी वाढविण्यात येणाऱ्या कोंबड्यांच्या, म्हणजे ब्रॉयलरच्या, एकूण उत्पादनखर्चापैकी बराच मोठा हिस्सा खाद्याचा असतो. म्हणून किती खाद्य खाऊन पक्ष्याचे वजन किती वाढले, यावरच या धंद्यातील नफातोटा अवलंबून राहतो. एक किलो वजन वाढण्यास जितके किलो खाद्य लागले, त्या आकड्यास खाद्य-परिवर्तनाचे प्रमाण असे म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके पालकाच्या हिताचे.

हे प्रमाण बहुतेक पालक तुकडी विकून झाल्यावर काढतात. एकूण खाद्यास एकूण वजनाने भागले की सरासरी मिळते व तुकडी कशी गेली हे कळते. परंतु पक्षी कोणत्या दिवशी विकावयास हवे होते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दर आठवड्याचे प्रमाण वेगळे काढावे लागते. पक्षी लहान असताना खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अंगवाढीकडे जातो. पुढे शरीर मोठे होते तसे ते नुसते टिकविण्यासच अधिक अन्न खर्ची पडते, शिवाय अंगावर चरबी धरू लागते व चरबीस मांसापेक्षा अधिक खाद्य लागते. त्यामुळे सरासरी हळूहळू वाढत असताना शेवटच्या आठवड्यांचे प्रमाण मात्र झपाट्याने बिघडत जाते.

उदाहरणादाखल १०० पक्ष्यांची एक तुकडी घेऊ. पुढील आकडे हिशेब समजावा एवढ्यासाठी घेतले आहेत. बरी निगा असलेल्या लहान शेडमध्ये पक्षी साधारणपणे असेच वाढतात. मरतुकीचा विचार पुढे केला आहे.

| वय | एका पक्ष्याचे वजन | आजवरचे खाद्य | आजवरची सरासरी | त्या आठवड्याचे प्रमाण |
|---|---|---|---|---|
| ४ आठवडे | १.३५ किलो | १.९५ किलो | १.४४ | १.७० |
| ५ आठवडे | १.९० किलो | ३.०० किलो | १.५८ | १.९१ |
| ६ आठवडे | २.४० किलो | ४.१५ किलो | १.७३ | २.३० |
| ७ आठवडे | २.८५ किलो | ५.४० किलो | १.८९ | २.७८ |

सातव्या आठवड्याच्या अखेरीस सरासरी १.८९ दिसते व पालक समाधान मानतो. प्रत्यक्षात त्या आठवड्यात वाढलेल्या प्रत्येक किलोस पावणेतीन किलोंहून अधिक खाद्य पडले आहे.

आता यास पैशाचे माप लावू. खाद्य ४० रुपये किलो, पिल्लू ४० रुपयांस आणि जिवंत पक्ष्याचा भाव किलोस १०० रुपये असे धरू. तूस, औषध, वीज यांचा खर्च चौथ्या आठवड्यापर्यंत पक्ष्यामागे ८ रुपये व पुढे दर आठवड्यास २ रुपये धरू. सहाव्या आठवड्यात पक्षी १.१५ किलो खाद्य खातो, त्याचे ४६ रुपये. वरखर्च धरून ४८. वजन अर्धा किलो वाढते, त्याचे ५० रुपये येतात. म्हणजे पक्ष्यामागे २ रुपये सुटले. सातव्या आठवड्यात ५२ रुपये खर्चून ४५ रुपयांचे वजन मिळते. येथे पक्षी ठेवणे म्हणजे पदरचे ७ रुपये घालविणे होय. या भावात बेचाळिसाव्या दिवसापलीकडे जाऊ नये.

भाव ८५ रुपयांवर उतरला तर? पिल्लाच्या किमतीसह सारा हिशेब केल्यास पाचव्या आठवड्याअखेर पक्ष्यामागे साडेआठ रुपये तोटा येतो. अशा वेळी ‘आणखी आठ दिवस ठेवू, वजन वाढेल, तोटा भरून निघेल’ असे पालकास वाटते. सहावा आठवडा काढल्यास मात्र तोटा १४ रुपये होतो, कारण त्या आठवड्यात ४८ रुपये खर्चून साडेबेचाळीस रुपयेच हाती येतात. उलट घाबरून चौथ्या आठवड्यातच विकल्यास तोटा सव्वाअकरा रुपये असतो, कारण पिल्लाची किंमत थोड्याच वजनावर पडते. पडत्या भावात पस्तिसावा दिवस हाच कमीत कमी नुकसानीचा ठरतो. भाव उद्या चढणार हे खात्रीने ठाऊक असेल तर गोष्ट निराळी. पण तशी खात्री थोड्यांनाच असते. श्रावणात मागणी घटते हे मात्र दरवर्षीचे आहे. तेव्हा पक्षी त्या महिन्यात विक्रीस येणार नाहीत, अशा बेताने पिल्ले आणावीत.

१०० रुपये भावातही एक गोष्ट पाहावी. सहाव्या आठवड्यातील नफा पक्ष्यामागे अवघा २ रुपये, म्हणजे शंभर पक्ष्यांचा २०० रुपये आहे. त्या आठवड्यात दोन पक्षी दगावले, तर १.९० किलोच्या हिशेबाने ३८० रुपये बुडतात व नफा उलटा होतो. एप्रिल-मे महिन्यांत मोठे पक्षी उष्म्याने प्रथम मरतात. उन्हाळ्यात म्हणून पस्तीस दिवसांच्या सुमारास तुकडी काढणे शहाणपणाचे होय.

या हिशेबास लागणारे दोन आकडे, वजन व खाद्य, घरीच मिळतात. दर आठवड्यास ठरावीक वारी, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, शेडचा एक कोपरा फळीने अडवून त्यात आपोआप सापडतील ते दहा-बारा पक्षी सर्वच्या सर्व तोलावेत. धष्टपुष्ट तेवढे निवडू नयेत. तसे केल्यास आपलीच फसगत होते. आठवड्यात उघडलेल्या पोत्यांचे वजन मांडून त्यातून उरलेले खाद्य वजा करावे. मेलेल्या पक्ष्यांची संख्या व तारीख त्याच वहीत लिहावी.

पहिल्या तोलास विशेष महत्त्व आहे. एक दिवसाचे पिल्लू सुमारे ४० ग्रॅमचे असते. सातव्या दिवशी ते निदान चौपट, म्हणजे १६० ग्रॅमचे झाले पाहिजे. न झाल्यास ऊब, पाणी अथवा जागा यांत कोठे उणीव आहे ते त्याच दिवशी शोधावे, कारण हे मागे पडलेले दिवस पुढे क्वचितच भरून निघतात.

एखाद्या आठवड्याचे प्रमाण तक्त्यापेक्षा फारच वाईट आले, तर वयास दोष देण्यापूर्वी खाद्यभांड्याखाली पाहावे. तुसात दाणा मिसळलेला दिसल्यास तो खाल्लेला नसून सांडलेला आहे. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीस आणावी व ते एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. पोत्यांना भोके आढळल्यास उंदीर वाटेकरी आहेत. सांडलवंड नसून पक्षी मरगळले असतील व विष्ठेत रक्त दिसेल, तर ती बहुधा रक्ती हगवण असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित दाखवावे. दिलेल्या औषधानंतर किती दिवस पक्षी विकू नये हे तेथेच विचारून वहीत टिपावे, नाहीतर विक्रीचा काढलेला दिवस चुकतो.

विक्रीपूर्वी आठ ते दहा तास खाद्य काढून घ्यावे. त्याहून आधी काढल्यास वजन विनाकारण घटते, अजिबात न काढल्यास कापताना भरलेले आतडे फुटून मांस खराब होते. पाणी मात्र पकडेपर्यंत ठेवावे, आणि पक्षी रात्री मंद उजेडात पकडावेत.