मुख्याध्यापकांचे स्नेहसंमेलनातले भाषण

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांचे भाषण बहुधा दीपप्रज्वलन, ईशस्तवन आणि स्वागतगीतानंतर येते. प्रास्ताविक आणि वर्षभराचा अहवाल ही दोन्ही कामे त्यातच उरकली जातात. पुढे बक्षीस वितरण, पाहुण्यांचे मनोगत आणि मग नाच-नाटके असतात. म्हणून हे भाषण लांबले की रंगभूषा करून पडद्यामागे ताटकळणाऱ्या मुलांचे हाल होतात. सावकाश, स्पष्ट बोलायचे तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. आठ मिनिटांसाठी आठशे शब्द पुरे.

सर्वांत अवघड भाग अहवालाचा. प्रत्येक इयत्तेची टक्केवारी वाचायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या आकड्याला पालकांत कुजबुज सुरू होते. अहवाल छापून खुर्च्यांवर ठेवता येतो. बोलताना एकच निकाल उलगडून सांगणे चांगले. समजा, दहावीला ५० मुले बसली आणि ४८ उत्तीर्ण झाली. ‘निकाल ९६ टक्के’ एवढ्यावर न थांबता ती दोन मुले कोणत्या विषयात अडली, पुरवणी परीक्षेसाठी शाळेने कोणते जादा तास घेतले आणि यंदा तो विषय आधीपासून कसा शिकवला जातो, हे सांगितले तर पालकांना शाळेचे काम कळते. त्या मुलांची नावे मात्र घेऊ नयेत.

इंग्रजी अवतरणे अशा भाषणात हमखास येतात आणि चुका तिथेच होतात. ‘बी द चेंज यू विश टू सी इन द वर्ल्ड’ हे वाक्य गांधीजींच्या नावावर खपते, पण त्यांच्या संकलित लेखनात ते या शब्दांत सापडत नाही. त्याच्या जवळचा विचार ‘इंडियन ओपिनियन’मधल्या त्यांच्या १९१३ च्या लेखात आहे. उलट, ‘एज्युकेशन इज द मोस्ट पॉवरफुल वेपन’ हे नेल्सन मंडेला यांनी जुलै २००३ मध्ये जोहान्सबर्गच्या भाषणात खरोखर म्हटले होते. ज्याचा प्रसंग आणि साल सांगता येते, तेच अवतरण घ्यावे. ते आठ-दहा शब्दांचे असावे आणि त्याचा अर्थ लगेच मराठीत यावा. ज्या आजी-आजोबांना इंग्रजी येत नाही, त्यांना मध्येच कार्यक्रमाबाहेर ठेवणे बरे नव्हे. संपूर्ण भाषणात दोन अवतरणे भरपूर झाली.

प्रमुख पाहुण्यांचा परिचय वेगळे शिक्षक करून देणार असतील, तर मुख्याध्यापकांनी त्यांच्या पदव्या पुन्हा वाचू नयेत. नावाचा उच्चार आणि सध्याचे पद आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. निमंत्रणपत्रिकेत जुने पद छापले गेल्याचे प्रसंग घडतात. पाहुण्यांच्या कामाचा शाळेशी खरा संबंध असेल, तो एका वाक्यात सांगावा. पाहुणे कृषी अधिकारी असतील, तर परसबागेतल्या मुलांनी माती परीक्षणाबद्दल विचारलेला एखादा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येतो. मग पाहुण्यांनाही मनोगताची सुरुवात थेट मुलांच्या प्रश्नापासून करता येते.