जिथे लाल आणि हिरवा शेजारी बसतात

पावसाळ्यात पनवेलकरांना दिवसाचा अंदाज रंगांतून कळतो. मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र रायगड जिल्ह्यासाठी चारपैकी एक रंग जाहीर करते: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. गाढी नदीकाठचा दुकानदार, सोसायटीचा सेक्रेटरी, नियंत्रण कक्षातला कर्मचारी, सगळे हेच रंग पाहतात.

समजा, हे चार रंग एका डॅशबोर्डवर मांडायचे आहेत. सहज सुचतील तेच घेऊ: `#008000`, `#FFFF00`, `#FFA500`, `#FF0000`. आता त्यांतला रंग काढून फक्त उजळपणा मोजू. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ धरले, तर पिवळा ०.९३ भरतो, नारंगी ०.४८, लाल ०.२१ आणि हिरवा ०.१५. म्हणजे सर्वांत निर्धास्त दिवस आणि सर्वांत धोक्याचा दिवस चक्क शेजारी येऊन बसतात! त्यांना वेगळे ठेवतो तो फक्त रंग, आणि नेमका तोच काहींच्या डोळ्यांना दिसत नाही.

याचे मूळ डोळ्यातल्या शंकुपेशींत आहे. त्यांचे तीन प्रकार असतात. पैकी दोन प्रकार लाल-हिरव्यातला फरक टिपतात, आणि त्या दोघांना सर्वांत जास्त भावणाऱ्या लहरींत अंतर जेमतेम ३० नॅनोमीटर! त्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात आणि जवळजवळ सारखी असतात. त्यामुळे पिढी बदलताना त्यांची अदलाबदल चुकते. पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून ही उणीव त्यांच्यात कितीतरी जास्त आढळते. निळ्याच्या पेशीचे जनुक मात्र वेगळ्याच गुणसूत्रावर असते, म्हणून ती पेशी बहुधा शाबूत राहते.

सुटका त्या निळ्यातच आहे. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांच्या आठ रंगांच्या संचात हिरवा `#009E73` आहे. त्यात निळ्याची झाक आहे. त्यांचा लाल `#D55E00` नारंगीकडे झुकलेला. गंमत म्हणजे या दोघांचा उजळपणाही जवळपास सारखाच, ०.२६ आणि ०.२२, तरी एक निळसर आणि दुसरा पिवळट भासल्याने गफलत टळते. मात्र हा लाल नारंगीच्या जवळ जातो, म्हणून नारंगी बराच उजळ ठेवावा लागतो. बारीक ठिपक्यांत तर निळसर झाकही पुसट होते; तिथे मोठे चौकोनच हवेत.

रेड अलर्टचा रंग मनाने निळा करायची सोय नाही, लोक त्याच नावाने बोलतात. म्हणून प्रत्येक चौकोनात ‘लाल’, ‘नारंगी’ असा शब्द लिहावा आणि चौकोनांचा क्रम कधी बदलू नये. तपासायला क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सच्या `Rendering` भागात `Emulate vision deficiencies` आहे. तिथे `Protanopia` आणि `Deuteranopia` दोन्ही लावून पाहावे, कारण पहिल्यात लाल काळवंडतो, दुसऱ्यात तसा नाही.