पगारासोबत वाढणारी एसआयपी

महिन्याला ५,००० रुपयांची एसआयपी २० वर्षे सुरू ठेवली आणि वार्षिक १२ टक्के दराने परतावा धरला, तर शेवटी सुमारे ५० लाख रुपये जमतात. यात आपले १२ लाख असतात. हाच हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे दुसऱ्या वर्षी ५,५००, तिसऱ्या वर्षी ६,०५०, तर रक्कम सुमारे ९९ लाख होते. मात्र त्यासाठी खिशातून ३४ लाखांहून अधिक जातात आणि विसाव्या वर्षी हप्ता ३०,५०० रुपयांपुढे गेलेला असतो. म्हणून दुप्पट रकमेचे सगळे श्रेय चक्रवाढीला देऊ नये.

खरी मेख पहिल्या वाढींत आहे. दहाव्या वर्षी हप्ता सुमारे ११,८०० रुपयांवर पोहोचल्यावर तो तिथेच थांबवला, तरी २० वर्षांनी सुमारे ८३ लाख होतात आणि गुंतवणूक २४ लाखांच्या आतच राहते. सुरुवातीच्या वाढीव पैशाला वाढायला वेळ मिळतो. शेवटच्या वर्षांतल्या वाढीला तो मिळत नाही.

१२ टक्के हा केवळ हिशेबासाठी धरलेला दर आहे. बाजार त्याची हमी देत नाही. एसआयपी सुरू करतानाच टॉप-अपचा पर्याय निवडा आणि बँकेच्या मँडेटची कमाल मर्यादा पुढच्या हप्त्यांना पुरेल इतकी ठेवा. नाहीतर वाढलेला हप्ता खात्यातून वळता होणार नाही.