दुप्पट, पण कशाच्या?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचं पत्र धाडलं. तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हा नव्या असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट आहे, असं त्यात म्हटलं होतं. टीव्ही आणि वर्तमानपत्रांनी ‘दुप्पट’ तेवढा उचलला. घाबरलेल्या कितीतरी जणींनी गोळी मध्येच सोडली. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्तीचे झाले, असा अंदाज आहे.

आकडा खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण सात हजार स्त्रियांपैकी वर्षभरात एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्यांवर ती दोघींना होत होती. एकाचे दोन झाले म्हणजे दुप्पटच. पण बातमी ऐकणाऱ्या बाईला मूळचा ‘एक’ कुणी सांगितलाच नाही, आणि सात हजारही नाही.

हीच माहिती आज एका स्लाइडवर मांडायची आहे असं समजू. पहिला हात आपोआप बार चार्टकडे जातो. अक्ष शून्यापासून सुरू करावा, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. तो इथे पाळला, तरी एक खांब दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट उंच दिसतो. गंमत अशी, की नियम पाळूनही हा चार्ट पुन्हा ‘दुप्पट’ एवढंच ओरडतो. गुठळी न झालेल्या सहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव जणींना त्यात जागाच नाही.

त्यांना जागा द्यायची, तर ठिपके काढावेत. आडवे शंभर, उभे सत्तर असे सात हजार राखाडी ठिपके नेहमीच्या रुंद स्क्रीनवर बसतात. डावीकडच्या चौकटीत एक ठिपका लाल, उजवीकडच्या चौकटीत दोन. दोन्ही चौकटी शेजारीशेजारी घेतल्या की ठिपके बारीक होतात आणि मागच्या रांगेतल्यांना लाल ठिपका शोधावा लागतो. लागू दे. धोका किती विरळा आहे, ते त्या शोधण्यातच कळतं.

आता मथळा. ‘नव्या गोळीने धोका दुप्पट’ याऐवजी ‘सुमारे सात हजार स्त्रियांमागे वर्षाला एक गुठळी जास्त’ असं लिहावं. यातला ‘वर्षाला’ गाळू नये, कारण पाच वर्षं गोळी घेणारीचा हिशोब वेगळा होतो. ‘जास्त’ कुणापेक्षा, हेही मथळ्याखाली यायला हवं: जुन्या गोळीपेक्षा, गोळी न घेणाऱ्यांपेक्षा नव्हे.

एवढ्यानेही स्लाइड पुरी होत नाही, कारण ऐकणारीपुढचा खरा प्रश्न ‘गोळी सोडली तर काय?’ हा असतो. त्या वेळी दिले जाणारे आकडे एक लाख स्त्रियांमागे वर्षाचे होते: जुन्या गोळीवर १५, नव्यावर ३० आणि गरोदरपणात ६०. गोळी सोडून दिवस गेले, तर ज्या गुठळीला भिऊन गोळी सोडली तिचाच धोका आणखी वाढत होता. हा तिसरा आकडा स्लाइडवर नसेल, तर बाकीचे दोन अचूक असूनही माणूस चुकीचा निर्णय घेऊ शकतो. मात्र तिन्ही आकडे एकाच मापात हवेत. एक सात हजारांत आणि दुसरा लाखात दिला, की डोक्यात भागाकार करत बसायला सभागृहात कुणाला वेळ नसतो.

हे सगळं मी तोंडी सांगेन, असं वक्ते म्हणतात. पण लोक मोबाइलवर स्लाइडचा फोटो काढतात आणि तो व्हॉट्सॲपवर फिरतो, तेव्हा वक्ता सोबत जात नाही. मापाचा आधार, कालावधी आणि तुलना कशाशी, हे फोटोत दिसेल अशा जागी छापलेलं असावं. स्पीकर नोट्समध्ये ठेवलेला खुलासा ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उलट बाजूनेही फसवता येतं. ‘सात हजारांत एकच जास्त’ हे वाक्य गोळी घेणाऱ्या एकीला योग्य धीर देतं, पण आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्याला तेवढंच दाखवलं तर तो निर्धास्त होईल. दहा लाख स्त्रिया नवी गोळी घेत असतील, तर लाखामागे १५ या हिशोबाने वर्षाला दीडशे गुठळ्या जास्तीच्या होतात, आणि जुन्या गोळीने त्या टळू शकतात. म्हणून त्याच्या स्लाइडवर दीडशेही हवेत आणि दहा लाखही.

दोन्ही स्लाइडांवर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लागेल. हे निष्कर्ष निरीक्षणावरचे होते. चिठ्ठ्या टाकून स्त्रियांना जुनी-नवी गोळी वाटून दिलेली नव्हती. नवी गोळी मुळातच जास्त धोका असलेल्या स्त्रियांना दिली गेली असेल का, यावर तज्ज्ञांत पुढे बराच वाद झाला. तेव्हा आकड्याच्या आधीचा ‘सुमारे’ जागेअभावी खोडू नये. जागा हवीच असेल, तर कोपऱ्यातला लोगो लहान करावा.