‘देकिआगारी’ म्हणजे पाणी नव्हे

तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने मागच्या थंडीत एक फोटो पाठवला. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा, मागची बाजू. खाली एकच ओळ : ‘मावशी, मापं तेवढी मराठीत करून दे, आईचा आणि माझा वाद चाललाय.’ पुण्यात बसून मी रोज जपानी यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणि इंग्रजीत उतरवते. म्हटलं, डबा काय, पाच मिनिटांचं काम.

वाद मापाचाच होता. बाळंतपणासाठी गेलेली ताई ठामपणे सांगत होती, ‘एक चमचा, तीस मिली पाणी. यात वाचायचं काय?’ आपल्याकडच्या बहुतेक डब्यांचं माप खरंच तसं असतं, पण ते त्या डब्यातल्या चमच्यापुरतं. आपल्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर मावते. जपानी चमचा लहान. त्यात अडीच-पावणेतीन ग्रॅम मावते आणि तो 20 मिली दुधाचा असतो. ताईच्या हिशेबाने 90 मिली पाण्यात तीन चमचे पडले असते. त्या तीन चमच्यांचं दूध व्हायला हवं होतं 60 मिली. म्हणजे बाळाच्या पोटात दीडपट पातळ दूध. पोट भरल्यासारखं वाटतं, वजन मात्र वाढत नाही. आणि असंच चालू राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून बाळ सुस्तावतं, झटकेही येऊ शकतात. उलट दाट केलं, तर बद्धकोष्ठ होतो आणि शरीरातलं पाणी कमी पडतं.

तक्त्यात 100 मिलीसमोर पाच चमचे होते. पण हे 100 मिली कशाचे? रकान्याच्या डोक्यावर ‘देकिआगारी-र्यो’ लिहिलं होतं : तयार झाल्यावरचं माप. पाणी नव्हे, दूध. पाच चमचे पावडर स्वतःच दहाएक मिली जागा घेते, म्हणून पाणी जातं 90च्या आसपास. फोनवरच्या भाषांतराने तिथे नुसतं ‘प्रमाण’ म्हटलं होतं, आणि भाचीने ते पाण्याचं धरलं होतं. तिची चूक ताईच्या मानाने किरकोळ, पण चूकच. मी रकान्याचं नाव ‘तयार दूध (पाणी + पावडर)’ असं केलं. आपल्या डब्यांवर आधी पाणी मोजायचं असतं, तिथे शेवटी दूध मोजायचं असतं. तेही फेसाच्या खालच्या रेघेवर, असं डब्यावरच लिहिलेलं असतं.

चमच्यापुढे ‘सुरिकिरी’ हा शब्द होता. ‘भरलेला चमचा’ असं लिहिलं की आपला हात शिगेपर्यंत जातो. मी लिहिलं : शीग काढून सपाट केलेला चमचा, पावडर दाबायची नाही.

मग अडले तपमानापाशी. डबा गोल, त्यामुळे ओळीचं टोक वळणावर गेलेलं आणि त्यावर दिव्याची चमक. ‘70 अंश’ स्पष्ट दिसत होते, पुढचं अक्षर नाही. ‘इजो’ म्हणजे तितके किंवा जास्त, ‘इका’ म्हणजे तितके किंवा कमी. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच. दुसऱ्यात आडवी रेघ तळाशी असेल तर ‘वर’, माथ्यावर असेल तर ‘खाली’. अंदाज बरोबर असणार हे मला माहीत होतं, तरी डबा फिरवून, फ्लॅश बंद करून दुसरा फोटो मागवला. ‘इजो’च निघालं.

ताई यावरही अडली. आपल्याकडे उकळून कोमट केलेलं पाणी घालतात. इतक्या गरम पाण्याने पावडर जळणार नाही का? पण बंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असतो. तान्ह्या बाळाला, विशेषतः दोन महिन्यांच्या आतल्या, त्याच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. कोमट पाण्यात तो मरत नाही, उलट वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली 70 अंशांची मर्यादा घातली ती यासाठी. म्हणजे इथे पाणी नुसतं पावडर विरघळवत नाही, पावडरीतले जंतूही मारतं.

म्हणून डब्यावरचा क्रम असा : हात धुवा, उकळून घेतलेल्या बाटलीत पावडर घाला, एकदा उकळलेलं पण अजून 70च्या वर असलेलं पाणी दोन-तृतीयांशापर्यंत ओता, हलवून विरघळवा आणि उरलेलं माप ‘युझामाशी’ने पुरं करा. या शब्दाचं यंत्राने ‘थंड पाणी’ केलं होतं. खरा अर्थ ‘उकळून गार केलेलं पाणी’. नळाचं गार पाणी घातलं की आधीची सगळी खबरदारी पाण्यात. शेवटी बाटली वाहत्या पाण्याखाली धरून दूध अंगाइतकं कोमट करायचं आणि थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहायचं.

साठवणुकीच्या ओळी सोप्या होत्या. उष्टं दूध ठेवायचं नाही. उघडलेला डबा घट्ट बंद करून कोरड्या, थंड जागी ठेवायचा आणि महिन्याभरात संपवायचा. फ्रिजमध्ये नाही, आतबाहेर करताना पावडरीला दमट धरतो. छापील मुदत मात्र न उघडलेल्या डब्याची असते, आणि ती डब्याच्या बुडाशी असते. फोटोत बूड नव्हतं. ते भाचीने उलटं करून वाचलं, आणि झाकणावर मार्करने डबा उघडल्याची तारीख लिहिली.

ताईने माझा कागद फ्रिजवर चिकटवलाय. पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीचा डबा आला, तेव्हा तिनेच फोटो पाठवला, रकान्याच्या डोक्यावर बोट ठेवून.