पोटात खड्डा, बोटं गार!

मुलांनो, माझी भाची दहावीत आहे. सराव परीक्षेच्या आदल्या रात्री ती म्हणाली, “मावशी, परीक्षेच्या भीतीवर एक गाणं करू या ना!” आणि लगेच दोन ओळी म्हणूनही दाखवल्या :

मला वाटे भीती फार,
मनावर आहे भार.

ओळी तालात होत्या. प्रत्येकीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. चार-चार अक्षरांवर टाळी वाजवून बघा. पण ऐकून मला काहीच झालं नाही. मी विचारलं, “भीती वाटते म्हणजे कुठे वाटते? बोट ठेवून दाखव.” तिनं आधी पोटावर हात ठेवला, मग घशावर, मग तळहात माझ्या गालाला लावला. गार आणि ओला!

असं का होतं, ठाऊक आहे? घाबरलो की शरीर पळायची तयारी करतं. ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात उतरतो. बोटांच्या कातडीकडचं रक्त कमी होतं, म्हणून बोटं गार. तळहाताला घाम सुटतो. पचन मंदावतं, लाळ आटते. मग काय, हेच लिहायचं ठरलं. ‘भीती’, ‘चिंता’, ‘ताण’ या शब्दांना बंदी!

बोटं झाली गार गार,
हात घामानं निसटे;
पोटामध्ये पडे खड्डा,
जीभ टाळूला चिकटे.

धाकट्या भावाला ऐकवलं, तर तो म्हणाला, “ताईला भूत दिसलं का?” खरंच की! भुताला घाबरा नाहीतर पेपरला, शरीर तेच करतं. परीक्षेच्या खोलीतली एखादी वस्तू तरी हवी होती. म्हणून ‘हात’ काढून ‘पेन’ घातलं : पेन घामानं निसटे. एका शब्दानं काम झालं. (छातीतली धडधड, पायांची थरथर, डोकेदुखी हेही तिला घालायचं होतं. मी नको म्हटलं. ते डॉक्टरांचा केसपेपर वाचल्यासारखं होतं.)

दुसऱ्या कडव्यात मात्र मीच चुकले. हळू श्वास सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे खरं. म्हणून मी लिहिलं, ‘आली ऊब बोटांमध्ये’. भाची म्हणाली, “मावशी, तू खोटं लिहितेस. बोटं इतक्या लवकर गरम होत नाहीत. पहिलं पान होईपर्यंत गारच असतात.” ती ओळ तिनं स्वतः बदलली :

श्वास सोडला हळूच
सहा मोजून मनात;
बोटं अजून गारच,
नाव लिहिलं झोकात.

दुसऱ्या दिवशी पेपरहून आल्यावर मी विचारलं, “कसा गेला?” तर म्हणते, “प्रश्न वाचायच्या आधी टाळूला जीभ चिकटली आणि मला हसूच आलं गं!”