कंपनीच्या नावामागची मालकी

भारतात कंपनीच्या नावाच्या शेवटी येणारे शब्द तिची मालकी कशी आहे, हे सांगतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकल व्यक्ती कंपनीला मान्यता दिली. तिचा भागधारक एकच असतो, पण तो मरण पावला तर सदस्यत्व कोणाकडे जाईल, हे नोंदणीच्या वेळीच नामनिर्देशित व्यक्तीची लेखी संमती घेऊन ठरवावे लागते. नावाखाली कंसात तसा उल्लेखही बंधनकारक आहे.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये किमान दोन सदस्य लागतात आणि सर्वसाधारणपणे कमाल दोनशे चालतात. खरा फरक मात्र संख्येत नाही. तिचे शेअर कोणाला विकता येतील, यावर कंपनीच्या नियमावलीतच बंधन असते. पब्लिक लिमिटेडला किमान सात सदस्य लागतात, वरची मर्यादा नाही आणि शेअर मुक्तपणे विकता येतात.

मुंबईच्या टाटा सन्सने २०१७ मध्ये प्रायव्हेट होण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मिस्त्री कुटुंबाने त्याला विरोध केला. त्यांच्याकडे सुमारे १८ टक्के वाटा होता आणि तो हव्या त्या ग्राहकाला विकण्याची मुभा जाणार होती. मोठा वाटा असूनही बाहेर पडण्याची वाट अरुंद असू शकते, हे यातून दिसते.

पब्लिक म्हणजे शेअर बाजारात नोंदलेलीच, हा समज चुकीचा आहे. नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता जाहीर करावा लागतो. प्रवर्तकांचा वाटा किती आणि त्यातला गहाण किती, हे गुंतवणूकदाराने त्यात आधी पाहावे.